विश्लेषण : वॉशिंग मशीनला स्टॅबिलायझर लावून खरेच फायदा होतो का?

रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू झाले की बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक गावांत संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, पंखे मंदावतात आणि वॉशिंग मशीन ‘घुंऽऽ’ आवाज करत जागीच थबकते. दुकानदार सांगतो, ‘स्टॅबिलायझर घ्या.’ मशीन बसवायला आलेला तंत्रज्ञ सांगतो, ‘नव्या मशीनला गरज नाही.’ दोघांचेही म्हणणे काही घरांत बरोबर असते, काही घरांत चूक. आपल्या घरात विजेचा नेमका कोणता दोष आहे, हे आधी ओळखले तरच या प्रश्नाचे उत्तर मिळते.

जिल्ह्यात व्होल्टेज इतके वर-खाली का होते?

घरगुती वीज २३० व्होल्टची धरली जाते. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाब ग्राहकासाठी सहा टक्के कमी-जास्त फरकाची मर्यादा होती. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. मोजमाप करताना हा पट्टा लक्षात ठेवायला सोपा आहे. रोहित्रापासून घर जितके दूर आणि त्या तारेवर जितका भार जास्त, तितके व्होल्टेज वाटेतच गळते. पाण्याच्या पाइपलाइनसारखेच हे आहे. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की शेवटच्या घराला धार बारीक मिळते.

आपल्याकडे हा भार मुख्यतः मोटारींचा असतो. गेलेली वीज परत आली की ऑटोस्विच लावलेले सगळे कृषिपंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि पंपाला कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. शेतातल्या वस्तीवर आणखी एक अडचण असते. थ्री फेज बंद असताना सिंगल फेजवर कंडेन्सर जोडून पंप चालवले जातात आणि त्याच तारेवरच्या घरांचे व्होल्टेज कोसळते. गावात आणि शहरात वेगळाच योग जुळून येतो. नळ रोज येत नाही, तिथे नळ आला की घरोघरी टिल्लू पंप सुरू होतात, आणि कपडे धुण्याची वेळही नेमकी तीच असते.

कमी व्होल्टेजने मशीनचे नेमके काय बिघडते?

हे मशीनच्या प्रकारावर अवलंबून आहे. सेमी ऑटोमॅटिक आणि साध्या टॉप लोड मशीनमध्ये कपॅसिटरवर चालणारी मोटर असते. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज २३०वरून १७०वर आले, म्हणजे सुमारे पाव भागाने घटले, तर जोर मात्र जवळपास निम्म्यावर, म्हणजे ५५ टक्क्यांवर येतो. ओले कपडे भरलेला ड्रम मग फिरतच नाही. अडकलेली मोटर प्रवाह ओढत राहते आणि तापते. मोटारीतला उष्णतेचा कट-आउट चांगला असेल तर ती बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. हे रोज घडू लागले की वाइंडिंगचे इन्सुलेशन जळू लागते.

इन्व्हर्टर मोटर असलेल्या मशीनचे तसे नसते. तिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड येणाऱ्या विजेचे रूपांतर करून मोटर चालवतो. व्होल्टेज थोडे कमी झाले तरी तो सांभाळून घेतो. फारच कमी झाले तर मशीन थांबते किंवा पडद्यावर चूक दाखवते. नुकसान होण्याऐवजी खोळंबा होतो. फ्रंट लोड मशीनमधल्या हीटरलाही कमी व्होल्टेजने इजा होत नाही. १७० व्होल्टला तो निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता देतो, त्यामुळे पाणी तापायला जवळपास दुप्पट वेळ लागतो.

एक गफलत मात्र टाळली पाहिजे. मोटर घुमते पण फिरत नाही, याला व्होल्टेजच जबाबदार असेल असे नाही. मशीनचा कपॅसिटर कमजोर झाला तरी हेच लक्षण दिसते. प्लगजवळ २१५-२२० व्होल्ट मिळत असताना आणि कपडे मोजकेच असतानाही मोटर घुमत राहिली, तर दोष मशीनमध्ये आहे. तिथे कोणताही स्टॅबिलायझर उपयोगाचा नाही.

मग बोर्ड जळतो कशाने?

बोर्ड जळण्याला बहुतेक वेळा जास्त व्होल्टेज कारणीभूत असते, आणि ते येते न्यूट्रल तुटल्याने. रोहित्रातून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळते. कोणत्याही दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. जिल्ह्याच्या बऱ्याच भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात खांब कलतात, तारा सैल पडतात, वाऱ्यात एकमेकींवर आपटतात. त्यात न्यूट्रल तुटले किंवा रोहित्राजवळचा त्याचा सांधा सुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे जणू एकामागोमाग जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात.

ही वाटणी समान होत नाही. दोनच घरे आहेत असे धरू. एका घरात २००० वॅटचा गिझर सुरू आहे आणि दुसऱ्या घरात सगळे मिळून ४०० वॅटची उपकरणे चालू आहेत. गिझरच्या घराला जेमतेम ६५-७० व्होल्ट मिळतील आणि कमी भाराच्या घरात ३३० व्होल्टच्या वर जाईल. गिझरला काहीच होणार नाही. दुसऱ्या घरातले टीव्ही, चार्जर आणि मशीनचा बोर्ड मात्र काही क्षणांत निकामी होऊ शकतो. जोडून ठेवलेल्या मशीनचा बोर्ड ते बंद असतानाही धोक्यात असतो, कारण बहुतेक पूर्ण ऑटोमॅटिक मशीनमध्ये समोरच्या बटणाने बोर्डाचा वीजपुरवठा पूर्ण तुटत नाही.

याची खूण सोपी आहे. शेजारच्या घरातले दिवे एकदम मंद झाले आणि आपल्याकडचे डोळे दिपवण्याइतके प्रखर झाले, पंखा नेहमीपेक्षा वेगाने फिरू लागला, तर थांबू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि मग १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कमी व्होल्टेजमध्ये गल्लीतली सगळी घरे एकत्र मंद होतात. न्यूट्रलच्या दोषात काही घरे उजळतात आणि काही मंदावतात.

स्टॅबिलायझर यातले काय सुधारतो?

घरगुती स्टॅबिलायझरमध्ये अनेक टप्पे काढलेला ट्रान्सफॉर्मर आणि ते टप्पे बदलणारे रिले असतात. व्होल्टेज घटले की ‘टक्’ आवाज होऊन तो वरचा टप्पा निवडतो, वाढले की खालचा. त्यामुळे तासन् तास टिकणारे कमी व्होल्टेज, किंवा मध्यरात्री भार उतरल्यावर २५०च्या पुढे जाणारे व्होल्टेज, हे दोन्ही तो चांगले सांभाळतो. ज्या घरात धुण्याच्या वेळी १५०-१९० व्होल्टच मिळतात आणि मशीन जुन्या पद्धतीच्या मोटरचे आहे, तिथे त्याचा खरा उपयोग होतो.

न्यूट्रल तुटल्यावर येणारे ३३० व्होल्ट मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. ‘हाय कट-ऑफ’ असलेला स्टॅबिलायझर मशीनकडे जाणारा प्रवाह तोडण्याचा प्रयत्न करतो, पण त्याचे स्वतःचे ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट त्या ३३० व्होल्टवरच राहतात. त्यात तोच जळू शकतो. वीज कोसळल्याने तारेतून येणारा झटका तर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात येऊन जातो. तेवढ्यात रिलेची हालचालही होत नाही. मान्सूनपूर्व वादळात प्लग काढून ठेवणे हाच त्यावरचा सर्वात खात्रीचा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. व्होल्टेज वाढवून देताना तो तारेतून तितका जास्त प्रवाह ओढतो. २२० व्होल्टवर ८ अँपिअर घेणाऱ्या मशीनला १६० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालवताना तो तारेतून ११ अँपिअर खेचतो. घरातली वायर बारीक किंवा सांधा सैल असेल, तर त्या वाढीव प्रवाहाने व्होल्टेज आणखी खाली जाते, रिले पुन्हा टप्पा बदलतो आणि मशीन चालू असताना ‘टक्-टक्’ थांबतच नाही. असे होत असेल तर दोष स्टॅबिलायझरचा नसून त्याच्या मागच्या वायरिंगचा असण्याची शक्यता जास्त.

खरेदीआधी घरात काय मोजावे?

त्यासाठी प्लगमध्ये खोचण्याचा डिजिटल व्होल्टमीटर पुरतो. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वीजमीटरच्या पडद्यावरही आळीपाळीने व्होल्टेज दिसते. मशीनच्या प्लगजवळचे आकडे चार-पाच दिवस, दिवसातून पाच वेळा वहीत लिहावेत. चिखली तालुक्यातल्या एखाद्या गावातले, रोहित्रापासून दूरचे घर डोळ्यासमोर आणू. तिथे साध्या मोटरचे टॉप लोड मशीन आहे आणि उदाहरणादाखल नोंदी अशा आहेत : पहाटे पाचला २२८, सकाळी आठला नळ आल्यावर १८२, दुपारी दोनला २१४, रात्री आठला १६८ आणि मध्यरात्री २३८.

यावरून लगेच स्टॅबिलायझर घ्यायला धावू नये. आधी एक छोटी चाचणी करावी. दुपारी २१४ व्होल्ट असताना २००० वॅटचा गिझर सुरू करून मशीनच्या प्लगजवळचा आकडा पुन्हा पाहावा. गिझर आणि मशीन एकाच मुख्य वायरवर असतील तर घरातली आणि खांबापर्यंतची गळती लगेच दिसते. समजा आकडा २१४वरून १९८वर आला. १६ व्होल्टची ही घट फार मोठी आहे. धड वायर आणि घट्ट सांधे असतील, तर एवढ्या भाराला फार तर चार-पाच व्होल्ट कमी व्हायला हवेत. गिझर त्या वेळी साडेसात अँपिअर घेत असतो. १६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर यांचा गुणाकार १२० येतो. म्हणजे १२० वॅटची उष्णता पाणी तापवण्याऐवजी तारेत आणि एखाद्या सैल सांध्यात वाया जात आहे. हा सांधा उद्या आगीचेही कारण ठरू शकतो.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विच, मीटरनंतरचे सांधे आणि बोर्डाचे स्क्रू तपासून घ्यावेत. खांबावरचा सांधा आणि मीटरचे सील यांना मात्र स्वतः हात लावू नये. ते काम महावितरणचे आहे. समजा मेन स्विचमधला काळा पडलेला सांधा बदलला आणि गिझर सुरू केल्यावर घट चार व्होल्टवर आली. रात्री आठचा आकडाही १६८वरून १७२ झाला. उरलेली तूट आता बाहेरच्या वाहिनीची आहे. ती घरात दुरुस्त होणार नाही.

आता या घराने काय करावे?

पहिला उपाय फुकटचा आहे : दुपारी दोनला कपडे धुवावेत. २१४ व्होल्टवर मोटर पूर्ण जोराच्या जवळ असते. मात्र हे आपल्या गावच्या नोंदी पाहूनच ठरवावे. २०१७मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ज्या वाहिन्यांवर पंपांना दिवसा वीज मिळू लागली, तिथे भाराची वेळ बदलू शकते. ऋतू बदलला की पुन्हा मोजावे.

नोकरी किंवा शेतीच्या कामामुळे दुपार जमत नसेल आणि रात्री आठलाच मशीन लावावे लागत असेल, तर १७२ व्होल्टवर मोटरचा जोर ५६ टक्केच राहतो. या घराला स्टॅबिलायझर घेणे योग्य ठरते. हेच मशीन इन्व्हर्टर मोटरचे असते, तर आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला व्होल्टेजचा पट्टा पाहावा. १७२ त्या पट्ट्यात येत असेल, तर स्टॅबिलायझरवर पैसे घालण्याची गरज नाही.

स्टॅबिलायझर घेताना काय पाहावे?

तीन गोष्टी. पहिली, काम करण्याचा पट्टा : आपल्या सर्वात कमी नोंदीपेक्षा तो किमान १५-२० व्होल्टने खालून सुरू व्हावा. नोंद १७२ असेल तर १५० व्होल्टपासून चालणारा हवा. दुसरी, क्षमता : मशीनच्या मागे किंवा दाराच्या कडेला असलेल्या पट्टीवर कमाल वॅट दिलेले असतात. हीटर नसलेल्या टॉप लोडला तुलनेने लहान स्टॅबिलायझर चालतो. २००० ते २२०० वॅटच्या फ्रंट लोडला मात्र पूर्ण भारावर सुमारे १० अँपिअर लागतात, म्हणून १२ ते १६ अँपिअरचा घ्यावा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर मशीनला जोडणे ही नेहमीची चूक आहे. धुताना तो चालल्यासारखा वाटतो आणि हीटर सुरू झाला की तापून वास येतो. तिसरी गोष्ट, कमी आणि जास्त व्होल्टेजला तोडणारे कट-ऑफ आणि वीज परत आल्यावर थोडे थांबून जोडणारा विलंब. वीज येताच पंप सुरू होऊन पुरवठा हेलकावे खातो. तेवढे क्षण मशीन बाजूला राहिलेले बरे.

न्यूट्रल तुटल्यास बचाव कशाने?

त्यासाठी मेन स्विचजवळ बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर उपयोगी पडतो. तो व्होल्टेज सुधारत नाही. ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेले की क्षणार्धात संपूर्ण घराचा पुरवठा तोडतो, आणि स्थिर झाले की थोड्या वेळाने जोडतो. वरची मर्यादा २६०-२७० व्होल्टच्या आसपास ठेवावी. खालची आपल्या नोंदी पाहून ठरवावी. आपल्या उदाहरणातल्या घरात ती १८०वर ठेवली, तर रोज रात्री आठला घर अंधारात जाईल. ज्या घरात व्होल्टेज एरवी ठीक असते पण न्यूट्रलचा दोष अधूनमधून येतो, तिथे स्टॅबिलायझर न घेता फक्त हा प्रोटेक्टर बसवणे अधिक शहाणपणाचे. जिथे दोन्ही अडचणी आहेत, तिथे आधी प्रोटेक्टर आणि त्याच्या पुढे स्टॅबिलायझर, असा क्रम ठेवावा.

अर्थिंगचा याच्याशी काय संबंध?

पाण्याजवळ चालणाऱ्या यंत्राला अर्थिंगशिवाय वापरणे जिवावर बेतू शकते. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे असेच धरावे. आतल्या फिल्टरमधून पत्र्यावर उतरणारी थोडीशी वीज अर्थिंगने जमिनीत जायला हवी. ती जात नाही म्हणून हाताला जाणवते. स्टॅबिलायझर लावून हा झटका थांबत नाही. उलट तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात बसवून स्टॅबिलायझर जोडला, तर मशीन आणि स्टॅबिलायझर दोन्ही उघडे पडतात.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, जमिनीला भेगा गेल्या की संपर्कही सुटतो. मार्च ते जून त्यात अधूनमधून पाणी ओतावे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले, की गळती होताच पुरवठा तुटतो. सगळे एकदम जमणार नसेल तर क्रम असा ठेवा : आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग सैल सांधे, त्यानंतर प्रोटेक्टर, आणि आठवडाभराच्या नोंदी मागत असतील तरच स्टॅबिलायझर.

बाहेरच्या दोषाबद्दल दाद कशी मागावी?

व्होल्टेजच्या नोंदींची तीच वही इथे कामी येते. ‘आमच्याकडे व्होल्टेज कमी आहे’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक तारखेपासून रात्री सात ते दहा १६८ ते १७५ व्होल्ट मिळतात, घरातले सांधे तपासले आहेत, गल्लीतल्या इतर घरांतही हेच आकडे आहेत’ अशी लेखी तक्रार टाळणे अवघड जाते. सोबत ग्राहक क्रमांक आणि रोहित्राचे ठिकाण द्यावे. तक्रार १९१२ या क्रमांकावर किंवा जवळच्या महावितरण कार्यालयात नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तिथे दखल घेतली गेली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. एकाच रोहित्रावरच्या पाच-सात घरांनी एकाच आठवड्यात आपापले आकडे लिहून दिले, तर भार जास्त आहे, तारा बारीक आहेत की न्यूट्रलचा सांधा सैल आहे, हे शोधणे तंत्रज्ञालाही सोपे जाते.